‘सदर द्रावण’ आणि आईचा हात

पावसाळा तोंडावर आला की शाळेत ओआरएसच्या पुड्या येतात आणि त्यांच्याबरोबर एक पत्रकही येतं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून ते पत्रक मुलांना वाचून दाखवायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. अशा पत्रकांची भाषा दरवर्षी साधारण एकाच घडणीची असते. ती अशी :

१. हात साबणाने स्वच्छ धुवावेत.
२. स्वच्छ भांड्यात १ लिटर पिण्यायोग्य पाणी घेण्यात यावे.
३. पाकिटातील संपूर्ण पावडर पाण्यात मिसळून द्रावण तयार करावे.
४. सदर द्रावण रुग्णास आवश्यकतेनुसार वारंवार पाजण्यात यावे.
५. तयार द्रावण २४ तासांच्या आत वापरावे.
६. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुनश्च सुरुवात करावी.
७. झिंकची गोळी १४ दिवस देण्यात यावी.
८. लक्षणे गंभीर असल्यास त्वरित आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.

यात एकही चूक नाही. वैद्यकीय दृष्टीनं सगळं बरोबर, शुद्धलेखनही बरोबर. तरीही माझं म्हणणं असं आहे, की ज्या बाईच्या मांडीवर रात्री दोन वाजता जुलाबानं मलूल झालेलं लेकरू आहे, तिला या आठ ओळींचा फारसा उपयोग नाही. कारण शब्द अवघड आहेत म्हणून नाही. ‘द्रावण’च्या जागी ‘पाणी’ आणि ‘पुनश्च’च्या जागी ‘परत’ लिहिलं तरी पत्रक तेवढंच मुकं राहील. सोपं लिहायचं म्हणजे अवघड शब्दाला सोपा शब्द ठेवायचा, हा समज आपल्या शिक्षकांमध्येही पक्का बसलेला आहे. खरी उणीव दुसरीकडे आहे. हे पत्रक कोणाशी बोलत नाही, आणि त्याच्या दोन ओळींच्या मध्ये काहीच नाही.

आधी ‘कोणाशी’ ते बघू. ‘पाणी घेण्यात यावे.’ कोणी घ्यावं? वाक्यात माणूसच नाही. सरकारी मराठीत ही रचना मुरली आहे, कारण तिथे हुकूम एका खुर्चीकडून दुसऱ्या खुर्चीकडे जातो आणि खुर्चीवर कोण बसलंय याला महत्त्व नसतं. घरात तसं नसतं. बाळाला पाजणारी कधी आई असते, कधी नानी, कधी दहा वर्षांची बहीण. उर्दूतही हाच रोग आहे. ‘पाणी लिया जाए’, ‘मज़कूरा महलूल मरीज़ को पिलाया जाए.’ मराठीतला ‘सदर’ आणि उर्दूतला ‘मज़कूरा’ हे एकाच घराण्यातले दोन मुन्शी. त्यात गंमत अशी, की उर्दू माध्यमाच्या मुलाला ‘सदर’ म्हणजे अध्यक्ष. मुख्याध्यापकांना तो ‘सदर मुदर्रिस’ म्हणतो. ‘सदर द्रावण’ वाचून एका मुलानं मला विचारलं होतं, सर, हे अध्यक्षांचं पाणी वेगळं असतं का?

‘-वे’ या प्रत्ययाची अडचण मात्र गमतीची नाही. मराठीत ‘करावे’ म्हणजे केलं तर बरं असंही होतं आणि केलंच पाहिजे असंही होतं. ‘सकाळी लवकर उठावे’ हाही ‘वे’ आणि ‘आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा’ हाही तोच. पत्रकातल्या आठही ओळी एकाच वजनाच्या ऐकू येतात. बोलताना आपण हे वजन आपोआप बदलतो : ‘हात धुवा’, ‘झाकून ठेवलेलं बरं’, ‘न्यायलाच हवं’, ‘अजिबात घालू नका’. चार वाक्यं, चार वजनं. समोरच्याला उद्देशून बोलायला लागलं, की मराठी ही सोय फुकट देते.

मग उद्देशून बोलायचं तर ‘तू’ म्हणायचं, ‘तुम्ही’ की ‘आपण’? उर्दूच्या ‘आप’चं भाषांतर आमची मुलं हमखास ‘आपण’ करतात आणि इथे फसगत होते. मराठीत ‘आपण’ आदरार्थी आहे आणि त्यात बोलणाराही सामील असू शकतो. ‘आपण बाळाला दवाखान्यात न्यावे’ यात नेमकं कोण नेणार? आशाताई येणार आहेत का? ‘तुम्ही’मध्ये ही शंका राहत नाही. ‘तुम्ही न्या’ किंवा नुसतं ‘न्या’. आज्ञार्थाचा आणखी एक फायदा म्हणजे ‘घ्या, ओता, ढवळा’ यात बाई की बाप्या हा प्रश्नच येत नाही, आजोबांनाही ते तितकंच लागू पडतं.

आता दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेकडे येतो, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे.

व्याकरणाच्या तासाला आम्ही उभयान्वयी अव्ययं शिकवतो. मुलं समुच्चयबोधक, न्यूनत्वबोधक, कारणबोधक, संकेतबोधक असे प्रकार धडाधड म्हणून दाखवतात, उर्दूच्या तासाला हर्फ़-ए-अत्फ़ आणि हर्फ़-ए-शर्त. गुण मिळतात. आणि सूचना लिहायला दिल्या की तीच मुलं १, २, ३ आकडे घालून सगळी अव्ययं काढून टाकतात, कारण सूचना म्हणजे मुद्दे, असं आम्हीच शिकवलेलं असतं. आकडा फक्त क्रम सांगतो. दुसरं पहिल्यानंतर का, पहिलं झालं हे कसं ओळखायचं, मध्येच बिघडलं तर काय, हे आकड्याला सांगता येत नाही. ते ‘मग’, ‘तोवर’, ‘म्हणजे’, ‘नाहीतर’, ‘तरी’ हे शब्द सांगतात. आम्ही त्यांना बोलीतली भर समजून खोडतो, आणि त्यांच्याबरोबर अर्थही खोडला जातो.

तिसरी ओळ घ्या. ‘पाकिटातील संपूर्ण पावडर.’ या ओळीचं सगळं ओझं एकट्या ‘संपूर्ण’ या शब्दावर आहे, आणि घाईत वाचणाऱ्याची नजर नेमकी विशेषणावरूनच घसरते. घरात काय होतं? लेकरू एवढंसं, लिटरभर पाणी पिणार कधी, म्हणून आई पुडीतली थोडी पावडर ग्लासभर पाण्यात टाकते आणि उरलेली पुडी दुमडून डब्यात ठेवते. तिच्या हिशेबानं हे काटकसरीचं, शहाणपणाचं काम आहे. तिला थांबवायला ‘संपूर्ण’ पुरत नाही, ‘कारण’ लागतं. कारण असं : पुडीत मीठ, साखर (ग्लुकोज), पोटॅशियमचा क्षार आणि सायट्रेट असे चार पदार्थ मोजून भरलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत ते २०.५ ग्रॅम असतात. आतड्यात साखर मिठाला बरोबर घेऊन आत शिरते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. हे तेव्हाच नीट होतं जेव्हा प्रमाण बरोबर असतं. चमच्यानं अंदाजे काढलेल्या पावडरीत कुठला पदार्थ किती आला, हे कोणालाच सांगता येणार नाही. पाणी कमी पडून ते घट्ट झालं तर मीठ जास्त होऊन बाळाला त्रास होतो, शिवाय जादा साखर उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. फार पातळ झालं तर गेलेलं मीठ भरून निघत नाही.

हे सगळं आईला सांगायची गरज नाही. पण एका ‘नाहीतर’पुरतं सांगायची आहे : ‘पुडी अख्खी टाका, अर्धी ठेवू नका, नाहीतर मिठाचं प्रमाण बिघडेल आणि बाळाला त्रास होईल.’ आणि लगेच एक ‘पण’ही हवा, कारण बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात : ‘पण आधी पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा, छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर उपयोग होणार नाही.’

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘तरी’. उर्दूत ‘फिर भी’ किंवा ‘तो भी’. ‘तरी’ वाचणाऱ्याच्या मनात आधीच तयार असलेला चुकीचा निष्कर्ष ओळखतो आणि त्याला अडवतो. सातवी ओळ बघा. ‘झिंकची गोळी १४ दिवस देण्यात यावी.’ बहुतेक घरांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात, बाळ खेळायला लागतं आणि गोळ्यांची पट्टी फडताळात जाते. आईला १४ हा आकडा कळला नव्हता असं नाही. तिला वाटलं, तो आजार असेपर्यंतचा आकडा आहे. आता असं वाचा : ‘जुलाब थांबले तरी गोळी बंद करू नका, चौदा दिवस पुऱ्या करा, म्हणजे पुढच्या काही महिन्यांत जुलाब परत लागण्याची भीती कमी होते.’ एक ‘तरी’ आणि एक ‘म्हणजे’. नवी माहिती फार नाही, पण आईच्या मनातल्या हिशेबाला उत्तर मिळालं.

तसाच उलटीचा. ‘उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुनश्च सुरुवात करावी.’ इथे आईच्या मनात असतं : पाजलेलं सगळं बाहेर आलं, म्हणजे हे पाणी बाळाला मानवत नाही. तिला लिहायचं ते असं : ‘उलटी झाली तरी घाबरून बंद करू नका. दहा मिनिटं थांबा, मग परत सुरू करा, पण आता आणखी हळू, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा.’ यातल्या ‘पण’नं एक गोष्ट आणली जी मूळ ओळीत नव्हतीच : परत सुरू करायचं, मात्र आधीसारखं नाही.

तेव्हा मी मुलांबरोबर हे पत्रक नव्यानं लिहिलं ते असं झालं :

‘बाळाला पातळ जुलाब लागले की अंगातलं पाणी आणि मीठ भराभर जातं. ते भरून काढायला ही पुडी आहे. हिनं जुलाब लगेच थांबणार नाहीत, तरी पाजत राहा.

आधी हात साबणानं धुवा. मग पुडीवर किती पाणी लिहिलंय ते बघा. एक लिटर लिहिलं असेल तर स्वच्छ भांड्यात पिण्याचं एक लिटर पाणी मोजून घ्या. माप नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली भरून ओता. पाणी उकळलेलं असेल तर आधी पूर्ण गार होऊ द्या. आता पुडी फोडा आणि अख्खी टाका, अर्धी ठेवू नका, नाहीतर मिठाचं प्रमाण बिघडेल. तळाशी काही दिसेनासं होईपर्यंत ढवळा. यात वरून साखर, मीठ, दूध, सरबत काही घालू नका आणि तयार झाल्यावर उकळूही नका. झाकून ठेवा.

आता पाजायला लागा. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, असं करत दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर जाऊ द्या. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, कपातून घोट घोट. उलटी झाली तरी बंद करू नका. दहा मिनिटं थांबा, मग परत सुरू करा, पण आणखी हळू. आणि हो, अंगावरचं दूध आणि रोजचं खाणं चालूच ठेवा.

केलेलं पाणी २४ तास चालतं. त्यानंतर उरलं तरी ओतून द्या आणि नवी पुडी करा.

झिंकची गोळी डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी सांगितली तेवढी रोज द्या. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करा.’

शेवटची, आठवी ओळ मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण जिथे मैत्रीचा सूर थांबला पाहिजे ती जागा हीच. ‘लक्षणे गंभीर असल्यास’ हे तर कामाचं नाहीच. गंभीर कशाला म्हणायचं हे आईला माहीत असतं तर पत्रक कशाला लागलं असतं? पण इथे ‘आणि हो’, ‘बरं का’, ‘काळजी करू नका’ असलं काही नको. इथे यादीच हवी, सुटी आणि कडक :

शौचात रक्त दिसलं,
बाळ काही पीत नाही, किंवा पाजलेलं सगळंच उलटून टाकतंय,
डोळे खोल गेले,
बाळ मलूल पडलंय, हाक मारली तरी नीट जागं होत नाही,
पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते,
यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. वाटेत पाजत राहा.

मोकळ्या भाषेचा दुसरा धोका मापांत आहे. आपण आपलेपणानं लिहायला लागलो की ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘साधारण’, ‘ग्लासभर’ हे पाहुणे न बोलावता येतात. मुलांनी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात ‘चार-पाच ग्लास पाणी’ आलं होतं. मी वर्गात वेगवेगळ्या घरांतले ग्लास आणायला सांगितले आणि आम्ही पाण्यानं भरून मोजले. एकाच्या घरचा दुसऱ्याच्या दुप्पट निघाला. आकडा आला की वाक्य कसंही मऊ असो, आकडा कडकच राहिला पाहिजे. पुडी नसताना घरी करायच्या जलसंजीवनीला तर हे आणखीच लागू आहे : एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यातला ‘सपाट’ हा शब्द गेला तर सगळंच गेलं, म्हणून त्याच्यापुढे एक ‘म्हणजे’ ठेवायचा : ‘सपाट म्हणजे चमच्यावरची रास बोटानं सारून टाका.’ आणि चाखून बघायला सांगायचं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ते पाजायचं नाही, ओतून परत करायचं.

माझे एक सहकारी म्हणतात, यानं प्रमाण भाषेची शिस्त बिघडेल, आणि पत्रक दुपटीनं लांबलं त्याचं काय? शिस्तीचं उत्तर सोपं आहे. शाळेच्या आवक-जावक नोंदवहीत ‘करण्यात यावे’ खुशाल लिहा, तिथे ते शोभतं. लांबीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पुडीच्या पाठीवर एवढी जागा नसते. तेव्हा मी कात्री लावताना उलटा क्रम धरतो. ‘स्वच्छ भांड्यात’ गेलं तर चालेल, ‘साबणानं’ एका चित्रात येईल, पण ‘तरी’ आणि ‘नाहीतर’ची वाक्यं शेवटपर्यंत राखायची. बाकीचं माणूस अंदाजानं बरोबर करतो, आणि हे सगळं तो अंदाजानंच चुकवतो.

लिहिलेलं जमलं की नाही, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, हेही सांगायला हवं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० पासून दहा वर्षं घरोघरी बायका पाठवून आयांना तीन बोटांच्या चिमटीतलं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी शिकवलं. त्यांनी शिकवणाऱ्या बाईचा पगार ती किती घरं फिरली यावर ठेवला नाही. नंतर दुसरं कोणी जाऊन काही आयांना विचारायचं, आणि त्यांना किती आठवतं, यावर पैसे ठरायचे. पत्रक लिहिणाऱ्यांना हा नियम लावला तर ‘सदर’ आठवड्याभरात जाईल असं मला वाटतं.

वर्गात मी त्याचीच छोटी आवृत्ती करतो. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं खरी पुडी, खरं पाणी घेऊन ऐकेल तसं करायचं, आणि काही विचारायचं नाही. जुन्या पत्रकावर एक मुलगी दुसऱ्या ओळीला अडली. तिच्या हातात लोटा होता आणि लिटर कसा मोजायचा ते कोणी सांगेना. चौथ्या ओळीला ‘आवश्यकतेनुसार’ आलं तेव्हा तिनं सरळ ग्लास भरून पुढे केला, सगळा एकदम. नव्या मजकुरावर ती बाटली शोधायला उठली. पुडी ओतून झाल्यावर मात्र ती रिकामी पुडी झटकत राहिली, ‘अख्खी’ म्हणजे कितपत अख्खी हे तिला कळेना. म्हणून त्या वाक्यात आम्ही आणखी चार शब्द घातले : ‘चिकटलेली राहिली तरी चालेल.’ उर्दू मजकुरात तिथे ‘थोड़ी चिपकी रह जाए तो भी चलेगा’ आलं, आणि हे वाक्य मुलांनीच सुचवलं.